सातारा जिल्हा नक्की कुठल्या कृषी हवामान विभागात येतो? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न मला दर जून महिन्यात कोणीतरी विचारतंच. कधी एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं असतात, कधी पुण्या-मुंबईत नोकरी करून गावाकडं जमीन बघणारी मंडळी, आणि सगळ्यात जास्त आपले शेतकरी. आमचं गाव खटाव तालुक्यात आणि आजोळ जावळीत, म्हणजे लहानपणापासून एका सुट्टीत भाताची खाचरं आणि दुसऱ्या सुट्टीत टँकर बघितलाय, त्यामुळं हा विषय जवळचा आहे. सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय.

कृषी हवामान विभाग म्हणजे नेमकं काय?

ज्या पट्ट्यात पाऊस, जमीन, तापमान आणि त्यामुळं येणारी पिकं साधारण सारखी असतात तो एक विभाग. १९७९ च्या सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू केला, त्यातून प्रत्येक राज्याची अशी वाटणी झाली. उद्देश सरळ होता, की कोकणात केलेली शिफारस सोलापूरच्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये, प्रत्येक पट्ट्याचं स्वतःचं संशोधन केंद्र असावं आणि तिथल्या मातीत तिथल्या पावसावर प्रयोग व्हावेत. महाराष्ट्राचे असे नऊ विभाग आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. योजना आयोगानं देशाचे १५ मोठे विभाग केलेत ते वेगळे, नागपूरच्या मृद सर्वेक्षणवाल्या संस्थेचे २० कृषी पर्यावरणीय प्रदेश वेगळे. परीक्षेत हे तिन्ही एकमेकांत मिसळून हमखास गोंधळ होतो. शेतकऱ्याच्या कामाचे आहेत ते राज्याचे नऊ.

ते नऊ कोणते?

पश्चिमेकडून पूर्वेकडं चाललात तर क्रम आपोआप लक्षात राहतो, कारण मुळात ही पावसाचीच उतरंड आहे. आधी दक्षिण कोकणचा जांभ्या जमिनीचा अतिपावसाचा पट्टा, मग उत्तर कोकणचा बिगर जांभ्याचा, मग सह्याद्रीच्या माथ्यावरचा घाट विभाग, त्याला लागून पूर्व उताराचा उपपर्वतीय विभाग (यालाच संक्रमण विभाग १ म्हणतात), मग पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी पट्टा म्हणजे संक्रमण विभाग २, आणि मग अवर्षणप्रवण विभाग. इथं पाऊस तळाला जातो. त्याच्या पुढं मराठवाड्याकडं निश्चित पावसाचा, मग मध्यम पावसाचा आणि शेवटी पूर्व विदर्भात पुन्हा जास्त पावसाचा. म्हणजे पाऊस घाटात चढतो, पलीकडं धपकन पडतो आणि विदर्भाकडं हळूहळू परत वाढतो.

मग सातारा यातल्या कशात?

एका विभागात नाही, चारात! घाट, उपपर्वतीय, मैदानी आणि अवर्षणप्रवण हे चारही विभाग एकाच जिल्ह्यात आहेत. जिल्ह्याचे अकरा तालुके, त्यांची ढोबळ वाटणी अशी: महाबळेश्वर आणि जावळी-पाटणचा पश्चिमेकडचा डोंगरी भाग घाटात, जावळी-पाटणचा उरलेला भाग आणि वाई-साताऱ्याची पश्चिम बाजू उपपर्वतीय पट्ट्यात, कराड, साताऱ्याचा पूर्व भाग, वाईचा सपाटीचा भाग आणि कोरेगाव मैदानी पट्ट्यात, आणि माण, खटाव, फलटण, खंडाळा अवर्षणात.

पण ही वाटणी ढोबळच आहे आणि खरी अडचण इथंच सुरू होते. विभाग तालुक्याची हद्द बघून थांबत नाही. वाई तालुक्यात जोरच्या खोऱ्यात घाटाचा धो धो पाऊस आहे आणि त्याच तालुक्यात वाई गावाच्या पूर्वेला गेलात की हळद, सोयाबीन, ज्वारीचं मैदान लागतं. कोरेगाव कागदावर मैदानी, पण उत्तरेकडं वाठार स्टेशन-पिंपोड्याच्या बाजूला जाऊन बघा, तिथली माणसं स्वतःला दुष्काळीच म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे.

एवढ्याशा अंतरात एवढा फरक कसा पडतो?

हे समजायला पुस्तक नको, एसटी पुरते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पाचगणी साधारण २० किलोमीटर, तिथं तोच पाऊस दोन हजाराच्या आत-बाहेर. पाचगणीवरून पसरणीचा घाट उतरून वाईत आलात, अजून बारा-एक किलोमीटर, की सातशेच्या आसपास. म्हणजे तासाभराच्या प्रवासात पाऊस आठवा हिस्सा उरला. जुलैमध्ये महाबळेश्वर स्टँडवर तुम्ही इरल्यातला माणूस बघता, छत्री उलटी होते, भिंतींना गवताच्या झडी बांधलेल्या असतात, आणि वाईला उतरल्यावर रस्ता कोरडा असतो, फक्त वारं भणभणत असतं. आम्ही लहान असताना हे नवल वाटायचं.

कारण असं की अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला आपटून वर चढतं, वर थंड होतं आणि माथ्यावरच सगळं ओझं टाकून देतं. माथा साडेतेराशे मीटरचा. पलीकडं उतरताना तेच वारं दबतं, तापतं, ढग विरतात. याला पर्जन्यछाया म्हणतात. साताऱ्यात भरीस भर म्हणजे सह्याद्रीपासून पूर्वेकडं फुटलेली महादेवाची डोंगररांग, तीच जी फलटण आणि माणच्या मधून शिखर शिंगणापूरकडं जाते. माण-खटाव-फलटणला पावसाची सरासरी पाचशेच्या आसपास येते ती यामुळं.

अवर्षणप्रवण म्हणजे पाऊस कमी, एवढंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. पाचशे मिलिमीटर जर जून ते ऑगस्ट नीट दर आठवड्याला पडला असता तर बाजरी, मूग, मटकी आरामात निघाली असती. दुखणं आहे ते पाऊस कधी पडतो याचं. अवर्षण पट्ट्यात पावसाला दोन टोकं असतात. एक जूनचं, मृगाच्या आसपास, तेही दर वर्षी येईलच असं नाही, आणि दुसरं सप्टेंबरचं, उत्तरा-हस्ताचं. मधला जुलै-ऑगस्ट हा उघडिपीचा, खंड दोन आठवड्यांचाही पडतो आणि आठ-दहा आठवड्यांचाही. घाटात बरोबर उलटं, तिथं जुलै-ऑगस्ट हेच पावसाचं शिखर.

याचं कारण असं की पूर्व भागाला नैऋत्य मान्सूनच्या वाऱ्याचं फार काही मिळत नाही, त्याला पाणी देतात ते सप्टेंबरमधले दुपारनंतर गडगडाट करत पूर्वेकडून येणारे ढग आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा पाऊस. म्हणून माण-खटावच्या जुन्या माणसाला विचारा, तो हस्ताची वाट बघतो, मृगाची तेवढी नाही. आमचे आजोबा म्हणायचे, हत्ती पडला तर ज्वारी, नाही पडला तर जित्राबं विकायची. म्हणूनच या विभागाचं मुख्य पीक रब्बी ज्वारी आहे. खरिपाच्या पावसावर भरवसा नाही म्हणून पावसाळाभर शेत मोकळं ठेवून ओल धरायची आणि त्या साठवलेल्या ओलीवर थंडीत पीक काढायचं, ही पद्धत पावसाच्या या वागण्यातूनच आलेली आहे.

विभाग कळल्यावर लगेच पीक ठरवता येतं का?

अर्धंच ठरतं, उरलेलं अर्धं जमिनीच्या खोलीवर. आणि खरं सांगायचं तर या संपूर्ण पानभर माहितीतली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक उदाहरण घेऊ. आमच्या भागातली दोन शेतं, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पाऊस दोन्हीवर तोच. एक माळाचं, फावडं मारलं की वीत-दीड वीत म्हणजे साधारण ३० सेंटीमीटरवर मुरूम लागतो. दुसरं ओढ्याकडंचं, ९० सेंटीमीटर काळीभोर माती. भारी काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं पाणी दर सेंटीमीटर खोलीला साधारण दीड मिलिमीटर धरून ठेवते. माळाची माती हलकी असल्यानं त्याहून कमीच धरते, पण सोयीसाठी तोच आकडा तिलाही लावला तरी तीस सेंटीमीटरात ४५ मिलिमीटर मावतात आणि ओढ्याच्या शेतात १३५. आता पीक भर वाढीत असताना दिवसाला ४ मिलिमीटर पाणी ओढतं असं धरलं तर माळावरचं भांडं अकरा दिवसांत रिकामं आणि ओढ्याचं तेहतीस-चौतीस दिवसांत. आणि अवर्षण विभागात दोन आठवड्यांचा खंड ही नेहमीचीच गोष्ट आहे! म्हणजे तोच विभाग, तोच पाऊस, पण माळावर पोटरीतलं पीक करपतं आणि ओढ्याकडं ते तग धरून राहतं.

म्हणून कृषी विद्यापीठाची अवर्षण विभागासाठीची शिफारस विभागावर थांबत नाही, खोलीवर जाते. साधारण ४५ सेंटीमीटरपर्यंतच्या हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा अशी खरिपातली कमी पाण्याची पिकं, अगदीच उथळ असेल तर गवत, बोर, शेवगा असली झाडं, आणि खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी, हरभरा. ज्वारीतसुद्धा वाण वेगळे आहेत: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, आणि पाणी असेल तर फुले रेवती. रेवतीचं बियाणं घेऊन माळावर पेरलं तर ते वाणाचं अपयश नसतं, जागा चुकलेली असते.

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बियाण्याच्या दुकानदारानं, आता याच्या नावात काय अर्थ नाही, कराडकडं भारी येतंय म्हणून सोयाबीन गळ्यात मारलं आणि मीही घेतलं. जूनमध्ये दोन पाऊस बरे झाले, उगवण झकास. ऑगस्टमध्ये सतरा-अठरा दिवस उघडीप पडली, नेमकं शेंगा धरायच्या वेळी. शेंगा भरल्या त्या चपट्या. आणि त्याआधी चुनखडीच्या पट्ट्यात पानं पिवळी पडली होती, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण. कराडला संक्रमण विभाग २ आहे, तिथं सातशे-साडेसातशे पाऊस आणि तो बऱ्यापैकी सलग असतो. माझ्याकडं तो नाही. हे सगळं मला माहीत असूनही मी केलं.

माझं गाव कुठल्या विभागात हे कसं बघायचं?

तालुक्याची सरासरी बघू नका, महसूल मंडळाचा पाऊस बघा. आता मंडळनिहाय पर्जन्यमापक बसलेत आणि राज्य सरकारच्या maharain.maharashtra.gov.in या साईटवर तालुका आणि मंडळ निवडून रोजचा आकडा निघतो. जेवढी मागची वर्षं मिळतील तेवढी काढा. मग तीन गोष्टी मोजा.

पहिली, वर्षाचा एकूण पाऊस. दुसरी, पावसाचे दिवस, यात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेला दिवसच धरायचा, नाहीतर नुसत्या भुरभुरीचे दिवस वाढून आकडा फुगतो. अवर्षण विभागात असे दिवस वर्षाला साधारण ४५ च्या आसपास येतात. तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती म्हणजे जुलै-ऑगस्टचा पाऊस जास्त का सप्टेंबरचा जास्त. सप्टेंबर जिंकत असेल तर कागदावर काही लिहिलेलं असो, तुमचं रान अवर्षणासारखं वागणार. जुलै-ऑगस्ट जिंकत असेल आणि एकूण सातशे ते बाराशेच्या घरात असेल तर मैदानी. सतराशे-अडीच हजाराच्या घरात उपपर्वतीय आणि तीन हजाराच्या वर गेलात की घाट. मधे कुठं लटकत असेल तर दोन्ही विभागांच्या शिफारशी वाचा आणि कोरड्या बाजूची धरा. चुकलो तरी उत्पन्न थोडं कमी येतं, पण पीक जात नाही.

त्यानंतर शेतात दोन-तीन ठिकाणी कुदळीनं खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. सातबारावरची जिरायत-बागायत नोंद यासाठी उपयोगाची नाही.

फलटण अवर्षणात, मग तिथं एवढा ऊस कसा?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. विभाग पावसावर आणि जमिनीवर ठरतो, पाण्याच्या सोयीवर नाही. फलटणला नीरेचा उजवा कालवा आहे, भाटघर-वीरचं पाणी येतं, आणि तो पाऊस पडतो वर भोरकडं घाटात. म्हणजे फलटणचा ऊस हा एका अर्थी घाट विभागाच्या पावसावर पोसलाय. कालव्याच्या खाली ऊस आणि कालव्याच्या वर चढलात की बाजरी आणि मेंढरं, एका गावात हे दोन्ही दिसतं. आता उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांमुळं कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी उचलून खटाव-माणकडंही येतंय, त्यामुळं आमच्याकडंही काही गावांत ऊस, आलं, द्राक्ष, डाळिंब वाढलंय. पण पाणी आलं म्हणून हवा बदलत नाही. मे महिन्याचं ऊन, कोरडी हवा, चुनखडीची जमीन तीच राहते, तिथं बाष्पीभवन जास्त होतं आणि पाटानं भरपूर पाणी देत राहिलं तर काही वर्षांत भारी रानं खारवट, पाणथळ होतात. कालव्याच्या पट्ट्यात जाऊन बघा, पांढरी पडलेली रानं दिसतील.

घाटातल्या लोकांची मजा, पाणीच पाणी, असं म्हणायला हरकत नाही ना?

हरकत आहे. जावळीत मामाच्या गावी पावसाळ्यात चार महिने वाफसा नाही आणि मार्चपासून बाया हंडा घेऊन झऱ्याला. पाऊस सगळा उतारावरून वाहून जातो, जांभ्याची तांबडी माती धरून ठेवत नाही, आणि एवढ्या पावसानं चुना-पोटॅश धुवून गेल्यानं जमीन आम्ल होते. म्हणून तिथं खाचरात भात (इंद्रायणीला मागणी चांगली), उतारावर नाचणी, वरई. स्ट्रॉबेरी घेतात ती पावसाळा संपल्यावर, थंड हवेचा फायदा घेऊन आणि ठिबकवर. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन आहे आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही. एकाच जिल्ह्यातली ही दोन पिकं दोन वेगळ्या विभागांतली आहेत, हे मला तरी भारी वाटतं.

कुठल्या संशोधन केंद्राचं ऐकायचं?

चारही विभाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतात, पण विभागीय केंद्रं वेगळी आहेत. घाटाचं इगतपुरी, उपपर्वतीयचं कोल्हापूरला शेंडा पार्क, मैदानीचं पुण्यात गणेशखिंड आणि अवर्षणाचं सोलापूर. म्हणजे दहिवडीच्या शेतकऱ्यानं कोरडवाहूसाठी सोलापूरची शिफारस बघायची, पाटणच्या मोरणा खोऱ्यातल्यानं कोल्हापूरची. जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं जाऊन गावाचं नाव, मंडळाचा पाऊस आणि खड्ड्याची खोली सांगितली तर बोलणं नेमकं होतं.

पावसाच्या तारखा बदलल्यात, मग हे विभाग जुने झाले नाहीत का?

पावसाचं वागणं बदललंय हे सगळ्यांनाच जाणवतंय, मोठ्या सरी, मोठे खंड. पण डोंगर जिथं होता तिथंच आहे आणि पर्जन्यछायाही. त्यामुळं विभागांचा क्रम तसाच राहतो, सीमा मात्र काटेकोर धरायच्या नाहीत. म्हणूनच वर ताजा मंडळनिहाय पाऊस बघा म्हटलं. पेरणीचा नियम जुनाच धरा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरीप पेरू नका. मृगाची एक जोरदार सर आली की आमच्याकडं अजूनही पाभरी बाहेर पडतात आणि दुबार पेरणी तिथूनच येते.

कोरडवाहू रब्बी ज्वारीत ओल टिकवायला नक्की काय करायचं?

हा शेवटचा, कारण माण-खटाववाले हाच सगळ्यात जास्त विचारतात. पावसाळ्यात रानात उताराला आडवे वाफे किंवा सऱ्या पाडून ठेवायच्या म्हणजे जे पडेल ते जागेवर मुरेल. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या मधे, दोन चाड्याच्या पाभरीनं, बी ओलीत पडेल एवढं खोल. त्यानंतर कोळपणी, आणि ही तण काढायला कमी, भेगा बुजवायला जास्त असते. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्यानं पहिली, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं दुसरी आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं तिसरी. आठव्या आठवड्यात ज्वारी कमरेच्या वर असते, बैल आत घालायला जीव होत नाही, म्हणून बरेच जण तिसरी सोडतात. पण काळ्या जमिनीला तेव्हाच बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि ओल त्यातूनच उडते. भेगेत काडी घालून बघा, खालून ओली निघाली तर अजून वेळ गेलेली नाही, त्याच दिवशी कोळपं धरा.